पन्नाशीनंतर ड्रायव्हिंगची थिअरी परीक्षा: पाठांतर, चष्मा आणि माऊस

प्रश्न: वय ५३. गाडी शिकतोय, चालवायला बऱ्यापैकी जमतंय. पण थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर आहे. पुस्तक चार वेळा वाचलं, लक्षात काही राहत नाही. कॉम्प्युटरला तर आजवर हातही लावलेला नाही. या वयात हे होईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

पुस्तक पाचव्यांदा वाचू नका, सुरुवात इथूनच करा.

मी गाडी शिकणाऱ्यांचे थिअरीचे वर्ग घेतो. पन्नाशी ओलांडलेले बरेच जण येतात आणि जवळजवळ प्रत्येक जण तुमचंच वाक्य म्हणतो: वाचलं, पण राहत नाही. त्यातल्या एका काकांची गोष्ट सविस्तर सांगतो. तुमच्या दोन्ही अडचणी त्यांना होत्या, शिवाय एक तिसरीही होती, जी त्यांना स्वतःला माहीत नव्हती.

वय ५६, आयुष्यभर सुतारकाम केलेलं. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेली. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, चिन्ह बघितलं की ओळखीचं वाटतं, पण याचा अर्थ काय म्हणून विचारलंत की डोकं रिकामं." मी त्यांना विचारलं, अभ्यास कसा करता? तर रात्री जेवण झालं की पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटायचं. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा. पुस्तक जवळजवळ सगळंच अधोरेखित झालेलं होतं.

इथेच खरी गोम आहे. तेच पान पुन्हा वाचलं की ते सरसर वाचून होतं, आणि सरसर वाचून होतंय म्हणजे आपल्याला येतंय असं वाटतं. प्रत्यक्षात पान ओळखीचं झालेलं असतं, उत्तर नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. हे विद्यार्थी तरुण होते, हे मुद्दाम सांगतो. वाचून वाचून लक्षात न राहणं हे काही वयाचं लक्षण नाही, वाचण्याच्या पद्धतीचं आहे. फरक एवढाच, की विशीतला मुलगा "अभ्यास झाला नाही" म्हणतो आणि आपण "वय झालं" म्हणतो.

वयाने काहीच बदलत नाही असंही नाही. नवीन गोष्ट डोक्यात बसायला वेळ जास्त लागतो. कुठलाही इशारा नसताना स्वतःहून आठवणं जड जातं. समोर दिसलेलं ओळखणं मात्र त्या मानाने बरंच टिकून राहतं. तुमची परीक्षा पर्यायांची आहे, म्हणजे समोर दिसलेल्यातून निवडायचं आहे. हे तुमच्या फायद्याचं. पण त्यातच एक खाचही आहे: चुकीचा पर्यायही "कुठेतरी वाचल्यासारखा" वाटतो आणि बोट तिकडे जातं. वय वाढतं तसा हा ओळखीचा चकवा वाढतो.

त्यावर काकांना जे करायला लावलं ते असं. सराव प्रश्न पुढ्यात घ्यायचा आणि पर्यायांवर पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवायचा. फक्त प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्याने बोलायचं, चुकलं तरी चालेल, अर्धवट आलं तरी चालेल. मग कागद सरकवून आपण बोललो त्याच्याशी जुळणारा पर्याय शोधायचा. पहिले काही दिवस याचा फार वैताग येतो, कारण आठवायला जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजेच अभ्यास.

आता चिन्हांकडे वळू, कारण घाबरवतात ती हीच. शंभरेक चित्रं एकेक करून घोकायची नसतात. आधी आकार आणि रंग बघायचा. जगात बऱ्याच देशांत जी पद्धत चालते तिच्यात लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध राहा. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई. निळं भरीव वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं. चौकोन आणि आयत बहुतेक माहिती देणारे. (काही देशांत सावधानतेच्या पाट्या पिवळ्या आणि कर्णावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या असतात, तुमच्या पुस्तकात जे असेल ते धरा.) थांबा आणि रस्ता द्या या दोन पाट्यांना मुद्दाम इतर पाट्यांपेक्षा वेगळे आकार दिलेत, एक अष्टकोनी आणि एक उलटा त्रिकोण. पाटी चिखलाने माखलेली असली किंवा मागून दिसली तरी ती ओळखता यावी, हा त्यामागचा विचार.

आकार पक्का झाला की चित्र अनोळखी असलं तरी चारातले दोन पर्याय आपोआप गळतात. काकांना हे लगेच पटलं. ते म्हणाले, "म्हणजे आधी लाकूड कुठलं ते बघायचं, नक्षी नंतर." मी त्यावर काही जोडलं नाही.

मग उरतात त्या जोड्या, एकसारख्या दिसणाऱ्या. काकांची नेहमी चुकणारी जोडी होती ती निळ्या वर्तुळाची, लाल कडेची. एकात एकच तिरकी लाल रेघ, दुसऱ्यात दोन रेघांची फुली. एक रेघ म्हणजे पार्किंगला मनाई: गाडी लावून जायचं नाही, पण माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. फुली म्हणजे थांबायलाही मनाई. काका दोन्ही वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या दिवशी वाचत होते, म्हणून दोन्हींची सरमिसळ होत होती. अशा जोड्या शेजारी शेजारी ठेवूनच शिकायच्या, आणि फरक स्वतःच्या तोंडाने सांगायचा: "एक रेघ, एक गोष्ट बंद. दोन रेघा, दोन्ही बंद." हे असं वाक्य स्वतःच बनवलेलं असावं, माझं उसनं घेऊ नका.

या जोड्यांसाठी आम्ही पत्ते केले. एका बाजूला चिन्ह काढायचं, मागे अर्थ लिहायचा. एक खोका, त्यात तीन कप्पे. नवीन आणि चुकलेले पत्ते पहिल्या कप्प्यात, ते रोज बघायचे. बरोबर आलेला पत्ता दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. तिथेही बरोबर आला की तिसऱ्यात, आठवड्याने. कुठेही चुकला की परत पहिल्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर याने १९७२ साली लोकप्रिय केली. त्याच्या पद्धतीत कप्पे जास्त आहेत, मला तीन पुरतात. मधले दिवस मुद्दाम सोडायचे असतात. थोडं विसरायला झाल्यावर आठवलं की ते जास्त टिकतं. "दोन दिवसांत विसरलो" ही तक्रार घेऊन काका आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, दोन दिवस याच कामासाठी ठेवलेत.

आकड्यांचं प्रकरण वेगळं. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते, यावर प्रश्न हमखास असतो आणि लोक कोष्टक पाठ करतात. कोष्टक पाठ राहत नाही, कारण त्यातल्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. तो संबंध असा आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. हे झालं प्रतिक्रियेचं अंतर. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा, तेवढे मीटर. त्यानंतर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर: वेगाला दहाने भागा आणि आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा.

ताशी ५० किलोमीटर धरा. पाच त्रिक पंधरा आणि पाच पंचे पंचवीस, एकूण ४० मीटर. आता ताशी १००: दहा त्रिक तीस आणि दहा दाही शंभर, एकूण १३० मीटर. वेग दुप्पट झाला तर पहिलं अंतर दुप्पट झालं, पण दुसरं चौपट. बहुतेक प्रश्न नेमका यावरच असतो आणि फसवणारा पर्याय "दुप्पट" हाच असतो. पाढे काकांना तोंडपाठ होते, कोष्टकाची गरजच उरली नाही. हा कोरड्या रस्त्याचा ढोबळ हिशोब आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर साधारण दुप्पट धरतात. तुमच्या अधिकृत पुस्तकात आकडे थोडे वेगळे असतील, तर परीक्षेत पुस्तकातलेच धरायचे. हिशोब वापरायचा तो आपला आकडा भलतीकडे गेला नाही ना, हे बघायला.

आता कॉम्प्युटर. दोन भीती एकत्र घेऊन बसू नका. परीक्षेचे प्रश्न घेऊन कॉम्प्युटर शिकायला गेलात तर उत्तर चुकलं की बटण चुकलं हे कळणारच नाही. आधी यंत्र, तेही अभ्यासाशिवाय. पत्त्यांचा एकट्याने खेळायचा खेळ बहुतेक कॉम्प्युटरवर मिळतो. त्यात नेमकं जायचं तिथे जाणं, क्लिक करणं, पत्ता उचलून ठेवणं सगळं येतं, आणि चुकलं तर काही बिघडत नाही. परीक्षेला लागतं त्याहून हे अवघडच आहे. परीक्षेत टायपिंग लागत नाही, फाइल लागत नाही, इंटरनेट शोधावं लागत नाही. पर्यायावर क्लिक करायचं, विचार बदलला तर दुसऱ्या पर्यायावर क्लिक करायचं, पुढे जायचं, शेवटी जमा करायचं. झालं.

क्लिक करताना नवशिक्यांचं जे चुकतं ते बघून ठेवा. माऊस हवेत धरल्यासारखा धरतात, मग बटण दाबताना अख्खा हात हलतो आणि बाण शेजारच्या पर्यायावर घसरतो. मनगटाचा भाग टेबलावर टेकवा. बाण पर्यायावर आणा, हात थांबवा, मग फक्त तर्जनी दाबा. एकदाच. दोनदा दाबायची सवय लागली असेल तर मोडा, कारण काही ठिकाणी दुसऱ्या दाबण्याने निवडलेला पर्याय निघून जातो. टेबल संपलं तर माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवा, बाण जागचा हलत नाही. काकांना हे माहीतच नव्हतं. ते टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन हताश होऊन बसायचे.

काही केंद्रांवर माऊसऐवजी बोटाने चालणारा पडदा असतो. त्यावर काकांचं बोट लागेचना. पडदा जोरात दाबत होते, आणि मशीनला मी नको आहे म्हणत होते. कारण साधं होतं. असे पडदे जोरावर नाही, त्वचेतल्या किंचित विजेच्या वहनावर चालतात, आणि वर्षानुवर्षं रंधा धरून बोटाची टोकं जाड आणि कोरडी झालेली. बोटाचं टोक न लावता थोडा सपाट, मऊ भाग लावायचा, हलकेच, आणि उचलायचं. हात फार कोरडे असतील तर थोडा वेळ आधी क्रीम लावून पुसून घ्यायचे. तरीही नाही झालं तर पर्यवेक्षकाला आधीच सांगून माऊस आहे का विचारायचं.

आणि आता ती तिसरी अडचण. काकांनी पहिली पूर्ण सराव परीक्षा दिली तेव्हा तीस प्रश्नांत अकरा चुकले. ते म्हणाले, "बघा, डोकं चालत नाही." मी त्यांना एकेक चुकलेला प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुन्हा विचारला. अकरांपैकी पाच त्यांनी तिथल्या तिथे बरोबर सांगितले. एका ठिकाणी पडद्यावरचा "नये" हा शब्द निसटला होता, एका ठिकाणी ३० चे ८० वाचले होते. आणखी दोन प्रश्नांत बाण घसरला होता. खरोखर न येणारे फक्त चार.

माणूस पडदा वाचताना मान मागे टाकून हनुवटी वर करत होता. चष्मा जवळचा-लांबचा एकत्र. वाचायचा भाग खाली, तो पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरसाठी केलेला. कॉम्प्युटरचा पडदा असतो हातभर लांब, साठ-सत्तर सेंटीमीटरवर. तिथे ना वरची काच नीट लागू पडते ना खालची. पन्नाशीत डोळ्याचं भिंग ताठर झालेलं असतं, त्यामुळे मधलं अंतर डोळा स्वतःहून सांभाळून घेत नाही. चष्म्याच्या दुकानात जाऊन पडद्याच्या अंतराचं माप सांगितलं की तेवढ्यासाठी वेगळा चष्मा करून मिळतो. तोवर खुर्ची पुढे ओढा, किंवा पडद्यावर अक्षर मोठं करायची सोय आहे का बघा. काकांनी चष्मा केला आणि त्यांच्या "न वाचलेल्या" चुका जवळपास थांबल्या. इतके दिवस ते स्मरणशक्तीला दोष देत होते.

म्हणून तुम्हीही प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकांची तीन रकान्यांत वाटणी करा: येत नव्हतं, नीट वाचलं नाही, यंत्राने घोळ घातला. पहिल्या रकान्यातलं पत्त्यांच्या खोक्यात जातं. दुसऱ्यासाठी चष्मा, आणि प्रश्न वाचताना पडद्यावर बोट फिरवत "नाही", "नये", "नेहमी", "फक्त" हे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची सवय. (बोटाने चालणाऱ्या पडद्यावर बोट थोडं दूरच ठेवा, नाहीतर उत्तर निवडलं जाईल.) तिसऱ्यासाठी पुन्हा कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ. सगळ्या चुका एकाच गोणीत भरल्या की सगळ्या विस्मरणाच्या वाटतात.

स्मरणशक्तीची खरी काळजी कधी करायची, तेही सांगतो. नाव ओठावर येऊन अडणं आणि तासाभराने आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, हे या वयात सर्रास होतं. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो असं घरचे सांगायला लागले, तर परीक्षेआधी डॉक्टर. तुम्हाला गाडी चालवायची आहे म्हणून तर जास्तच. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळ्यांनीही सुस्ती येते आणि लक्ष लागत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. आणि रात्री जागून पत्ते घोकण्यापेक्षा झोपा, दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा असतो.

तारीख कधी घ्यायची? ओळखीची सराव परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन गुण वाढले तर त्यावर जाऊ नका, तिथे तुम्हाला उत्तराची जागा पाठ झालेली असते. आधी न पाहिलेले प्रश्न घ्या. अशा नव्या संचात, वेगवेगळ्या दिवशी, उत्तीर्ण होण्याच्या रेषेपेक्षा तीन-चार प्रश्न जास्त बरोबर येऊ लागले की तारीख घ्या. काका रेषेला जेमतेम टेकत होते तेव्हाच जायला निघाले होते, मी थांबवलं. अनोळखी खोलीत, शेजारी खटाखट क्लिक ऐकू येत असताना एक-दोन गुण असेच जातात.

तारीख घेताना तुमच्या केंद्राबद्दल एवढं विचारून ठेवा: वेळ संपूर्ण परीक्षेला मिळून आहे की प्रत्येक प्रश्नाला वेगळी, मागे जाऊन उत्तर बदलता येतं की नाही, माऊस आहे की बोटाचा पडदा, आणि सुरुवातीला गुण नसलेले सरावाचे प्रश्न देतात का. मागे जाता येत असेल तर अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे सरका. जाता येत नसेल तर प्रत्येक प्रश्नाला तिथेच काहीतरी उत्तर द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का तेही विचारा. कापत नसतील तर कोरा प्रश्न सोडण्यात काही अर्थ नाही. सरावाचे प्रश्न मिळाले तर ते घाईने उरकू नका, त्यातच एक उत्तर मुद्दाम बदलून बघा, बदल कसा दिसतो ते कळेल. काहींच्या परीक्षेत व्हिडिओ बघून धोका दिसताच क्लिक करायचा भाग असतो. तुमच्याकडे तो असेल तर त्याची तयारी वेगळी आहे, नवीन प्रश्न टाका, लिहीन.

शेवटच्या जमा करण्याच्या बटणाला काका फार घाबरत. "चुकून दाबलं गेलं तर?" बहुतेक ठिकाणी ते दाबल्यावर "खात्री आहे का" असं विचारणारी चौकट येते, आणि त्यात परत जायचा पर्याय असतो. सराव परीक्षेत मी त्यांना ते बटण मुद्दाम अर्ध्यातच दाबायला लावलं. चौकट आली, त्यांनी ती वाचली, "परत" वर क्लिक केलं, आणि उरलेले प्रश्न सोडवायला घेतले.